पीआयपीचा एक पानी गोषवारा: मॅनेजरच्या हातात नेमकं काय द्यायचं?

प्रश्न: मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एचआरला आहे. आमच्या डिस्पॅच ऑफिसरचा पीआयपी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारण्याची लेखी योजना, पुण्याच्या हेड ऑफिसकडून आलाय, दहा पानं, सगळं इंग्रजीत. प्लँट मॅनेजर म्हणतात, “एवढं वाचायला मला वेळ नाही. एका पानावर मराठीत काढून दे. उद्दिष्टं काय, मुदत काय, आपण काय मदत द्यायची आणि रिव्ह्यू कधी.” काय घ्यायचं, काय गाळायचं? आणि माझ्या कागदात काही चुकलं तर ते माझ्यावर शेकेल का?

उत्तर:

तुमच्या साहेबांनी चारही गोष्टी बरोबर मागितल्यात. फक्त त्यांचा समज असा असणार की हा कागद डिस्पॅच ऑफिसरबद्दल आहे. नीट काढलात तर लक्षात येईल की त्यातलं निम्मं काम साहेबांच्या स्वतःच्या नावावर आहे. मदत त्यांनी द्यायची असते, रिव्ह्यू त्यांनी घ्यायचा असतो, आकडा त्यांनी ठेवायचा असतो. दहा पानांत हे सगळं ‘दिले जाईल’, ‘घेण्यात येईल’ अशा वाक्यांत विरघळून गेलेलं असतं. तुमचं खरं काम तिथं आहे.

मी मिरज-कुपवाडच्या कारखान्यांत एचआरचं काम बरीच वर्षं केलंय. तुमच्यासारखंच एक प्रकरण २०२५ च्या ऑगस्टमध्ये हाताखालून गेलं. तेही फाउंड्रीचं, तेही डिस्पॅचचं. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून तेच उलगडून सांगतो.

पहिल्या वाचनाला मी गोषवारा लिहायला घेतच नाही. पेन्सिल घेऊन फक्त तारखा, आकडे आणि मुदती अधोरेखित करतो, आणि प्रत्येकाशेजारी कलमाचा नंबर लिहितो. मग टेबलावरचं कॅलेंडर समोर ओढायचं. त्या पीआयपीत पहिल्या पानावर होतं, ‘१ ऑगस्टपासून ६० दिवस’. चौथ्या पानावर ‘आठ आठवड्यांचा कालावधी’. आणि शेवटच्या पानावर, सहीच्या वर, ‘सप्टेंबरअखेर’. वाचताना तिन्ही सारखीच वाटतात. पण १ ऑगस्ट धरून ६० दिवस मोजले तर २९ सप्टेंबर येतो, आठ आठवडे २५ सप्टेंबरला संपतात आणि सप्टेंबरअखेर म्हणजे ३०. पाच दिवसांचा फरक. सत्तावीस तारखेला एखादी चूक झाली तर ती मुदतीत धरायची की नाही, यावरून पुढं भांडण होऊ शकतं.

यातली सोयीची तारीख निवडणं तुमचं काम नाही. माझ्या मते तर या कामातली सगळ्यात मोठी चूक हीच, गोषवारा काढणाऱ्यानं मूळ कागदातली भोकं स्वतः बुजवणं. आपल्याला वाटतं आपण मदत करतोय, प्रत्यक्षात पीआयपी बदलत असतो. तिथं मी हेड ऑफिसला तीन ओळींचा मेल टाकला: कलम अमुक, तमुक आणि ढमुक यांत तीन वेगवेगळ्या शेवटच्या तारखा निघतात, ग्राह्य कोणती ते लेखी कळवा. उत्तर आलं, २९ सप्टेंबर. ते उत्तर मूळ पीआयपीला जोडलं आणि मगच तारीख पानावर गेली.

रिव्ह्यूच्या तारखांचं तसंच. मूळात होतं, ‘दर दुसऱ्या शुक्रवारी आढावा, एकूण चार’. एक ऑगस्टचा शुक्रवार धरून पुढचे शुक्रवार काढले तर १५ ऑगस्ट, २९ ऑगस्ट, १२ सप्टेंबर, २६ सप्टेंबर. पहिलाच स्वातंत्र्यदिन! दुसरा गणपतीत. त्या वर्षी २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि तिथल्या प्लँट मॅनेजरांची २७ ते ३१ रजा आधीच मंजूर होती. पुढं १ सप्टेंबरला गौरीपूजन, २ ला गौरी-गणपती विसर्जन. सांगली भागात त्या दोन दिवसांत रिव्ह्यू मीटिंग ठेवून कोण येणार? पुण्यात बसून तारखा टाकणाऱ्याला हे दिसत नाही, तुम्हाला दिसायला हवं. आम्ही सुचवलं १४ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबर, बाकी दोन तशाच, शिवाय मुदत संपल्यावर ३० सप्टेंबरला समारोपाची बैठक. कारण शेवटचा आढावा २६ ला आणि मुदत २९ ला, म्हणजे शेवटचे तीन दिवस कुणी बघणारच नव्हतं. हेड ऑफिसनं होकार दिला. गोषवाऱ्यात ‘दर दुसऱ्या शुक्रवारी’ हे शब्द राहिलेच नाहीत. तारीख, वार, वेळ, कुठं आणि कोण हजर, एवढंच राहिलं.

पीआयपीत रिव्ह्यू चुकला की पुढं सगळंच डळमळतं. कर्मचारी म्हणतो, मला कुणी सांगितलंच नाही की मी कमी पडतोय. आणि त्याचं म्हणणं खोटं नसतं.

आता उद्दिष्टं. इथं जरा थांबायला हवं, कारण घोळ सगळ्यात जास्त इथंच होतो.

त्या पीआयपीचं पहिलं उद्दिष्ट: ‘डिस्पॅच कागदपत्रांतील चुकांचे प्रमाण ३ टक्के किंवा त्याहून कमी आणणे.’ जोडपत्रात मागचा हिशोब होता. मे ते जुलै २१२ डिस्पॅच, त्यांतल्या १९ मध्ये चुका, म्हणजे साधारण ९ टक्के. ऐकायला स्पष्ट आहे. पण ३ टक्के हा आकडा मॅनेजरच्या रोजच्या कामात कसा दिसतो? महिन्याला सत्तरएक गाड्या, म्हणजे दोन महिन्यांत १४० च्या आसपास. त्याचे ३ टक्के चार. एका पंधरवड्यात पस्तीस गाड्या धरल्या तर एक. म्हणजे एका पंधरवड्यात दोन चुका झाल्या की त्या रिव्ह्यूला प्रमाण सहा टक्क्यांच्या जवळ जातं आणि मॅनेजरला वाटतं, संपलं, हा नापास. खरं तर मूळ कलमात मोजणी पूर्ण कालावधीची होती, पंधरवड्याची नव्हती. हे गोषवाऱ्यात यायलाच हवं. मी असं लिहिलं: ‘पूर्ण कालावधीत (१ ऑगस्ट ते २९ सप्टेंबर) ३ टक्के किंवा कमी. १४० डिस्पॅच झाले तर जास्तीत जास्त ४. पंधरवड्याचा आकडा फक्त दिशा पाहण्यासाठी.’ उद्दिष्ट मूळातलं, तसंच्या तसं. उदाहरण माझं, आणि ते उदाहरण आहे हे दिसेल अशा पद्धतीनं. ‘महिन्यात दोनपेक्षा जास्त चुका नकोत’ असं लिहून मोकळं झालो असतो तर ते नवीन उद्दिष्ट झालं असतं.

मग प्रश्न येतो, चूक कशाला म्हणायचं? जोडपत्रातल्या १९ चुका उलगडून पाहिल्या. अकरा ठिकाणी ई-वे बिलावरचा गाडी नंबर चुकला होता. पाच ठिकाणी टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर आणि कास्टिंगवर उठलेला हीट नंबर जुळत नव्हता. तीन ठिकाणी पॅकिंग लिस्ट आणि इन्व्हॉइसच्या नगांत फरक. पीआयपीच्या मजकुरात मात्र नुसतं ‘चुका’. इन्व्हॉइसवर पत्त्यातलं एक अक्षर चुकलं तर ती धरायची का? मूळात व्याख्या नाही, पण जोडपत्रात तीन प्रकार आहेत. तेव्हा गोषवाऱ्यात तेच तीन प्रकार ‘जोडपत्र १ नुसार’ म्हणून टाकले आणि चौथा प्रकार मोजायचा की नाही हे हेड ऑफिसला विचारलं. तिकडून आलं, तीनच.

हे उलगडताना आणखी एक गोष्ट दिसते आणि तिथं हात आवरावा लागतो. गाडी नंबरच्या अकरा चुका का झाल्या? ट्रान्सपोर्टवाला दुपारी एक गाडी सांगतो, त्यावर ई-वे बिलाचा भाग ब भरला जातो, आणि संध्याकाळी लोडिंगला दुसरीच गाडी उभी राहते. गाडी बदलली तर बिल रद्द करायची गरज नसते, भाग ब मध्ये नवा नंबर अपडेट करता येतो. पण गाडी बदलल्याचं गेटवरून डिस्पॅच टेबलला कुणी कळवतच नव्हतं. म्हणजे दोष अर्धा माणसाचा, अर्धा व्यवस्थेचा. मला हे गोषवाऱ्यात घालायचा फार मोह झाला होता. घातलं नाही. मूळ पीआयपीत ते नव्हतं, आणि गोषवाऱ्यात माझं मत शिरलं की तो गोषवारा राहत नाही. त्यासाठी वेगळी चिठ्ठी केली, मॅनेजरला आणि हेड ऑफिसला दोघांनाही. तिचा परिणाम असा झाला की ‘गेटपास देताना सिक्युरिटीनं गाडी नंबर डिस्पॅचला फोनवर कळवायचा’ हे मदतीच्या कलमात लेखी दुरुस्तीनं आलं, आणि मग रीतसर पानावर आलं.

दुसरं उद्दिष्ट ग्राहकांच्या मेलला उत्तर देण्याचं. एका कलमात ‘त्याच दिवशी’, दुसऱ्यात ‘२४ तासांत’. संध्याकाळी पाचला आलेल्या मेलचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. पुन्हा विचारलं, पुन्हा लेखी घेतलं, ‘२४ तास, रविवार आणि सुट्ट्या सोडून’. यावर जास्त लिहीत नाही, पद्धत तीच.

तिसरं उद्दिष्ट मात्र प्रत्येक पीआयपीत कुठं ना कुठं भेटतं: ‘कामाप्रती अधिक जबाबदारीची वृत्ती दाखवावी.’ याचं काय करायचं? गाळलं तर मूळातलं उद्दिष्ट तुम्ही खोडलंत. ‘रोज वेळेवर येणे’ असं काही मोजता येण्यासारखं त्याजागी घातलंत तर तुम्ही नवं उद्दिष्ट निर्माण केलंत, आणि तो माणूस उद्या विचारेल की हे माझ्या पत्रात कुठंय. मी ते जसंच्या तसं लिहितो आणि पुढं लिहितो, ‘मापन मूळ दस्तऐवजात ठरलेले नाही. हेड ऑफिसकडे विचारणा केली, तारीख अमुक.’ मॅनेजरला ही रिकामी जागा दिसली पाहिजे. नाहीतर तो स्वतःच्या मनातलं माप लावतो, आणि ते माप बहुतेक वेळा ‘माझ्याशी कसा बोलतो’ हे असतं.

मदतीचं कलम सगळ्यात शेवटी, सगळ्यात लहान आणि सगळ्यात गुळगुळीत भाषेत असतं. ‘आवश्यक ते प्रशिक्षण व मार्गदर्शन पुरविले जाईल.’ गोषवाऱ्यात असं एकही वाक्य राहू देऊ नका ज्यात करणारा माणूस नाही. आमच्या प्रकरणात त्यातून तीन गोष्टी निघाल्या. ईआरपीचं दोन अर्ध्या दिवसांचं प्रशिक्षण पहिल्या तीन आठवड्यांत, म्हणजे २१ ऑगस्टपर्यंत, देणार अकाउंट्सचे सीनियर. टेस्ट सर्टिफिकेट तपासायला क्वालिटीच्या एका माणसाची रोज पंधरा मिनिटं. आणि दर आठवड्याला प्लँट मॅनेजरबरोबर अर्धा तास. प्रत्येकापुढं मी ‘झाल्याची नोंद कुठं’ असा रकाना ठेवला. प्रशिक्षणाला हजेरीपत्रक, क्वालिटीच्या तपासणीला सर्टिफिकेटच्या ऑफिस कॉपीवर सही, आठवड्याच्या बैठकीला डायरीतली दोन ओळींची नोंद आणि दोघांच्या सह्या.

आता उद्दिष्टाच्या आणि मदतीच्या तारखा शेजारी ठेवून बघा. पहिला रिव्ह्यू १४ ऑगस्टला, प्रशिक्षण २१ पर्यंत. म्हणजे जे शिकवलंच नाही त्यावर पहिली परीक्षा. दहा पानांत हे दिसत नाही, कारण एक गोष्ट तिसऱ्या पानावर असते, दुसरी नवव्या. एका पानावर आलं की लगेच डोळ्यांत भरतं. इथंही मी तारीख बदलली नाही, मॅनेजरला दाखवलं. त्यांनी अकाउंट्सशी बोलून प्रशिक्षण ७ आणि ८ ऑगस्टला घेतलं. तीन आठवड्यांच्या आत असल्यानं मूळ कलमालाही धक्का नाही.

शेवटी कागद साधारण असा झाला:

कालावधी: १ ऑगस्ट ते २९ सप्टेंबर २०२५ (कलम १, हेड ऑफिसचा खुलासा जोडला आहे)

उद्दिष्टं: (१) कागदपत्रांतल्या चुका पूर्ण कालावधीत ३ टक्के किंवा कमी. चूक म्हणजे गाडी नंबर, हीट नंबर, नगसंख्या (कलम ३, जोडपत्र १). (२) ग्राहकाच्या मेलला २४ तासांत उत्तर, रविवार व सुट्ट्या सोडून (कलम ३, खुलासा). (३) जबाबदारीची वृत्ती, मापन ठरलेले नाही, विचारणा चालू (कलम ३).

आपण द्यायची मदत: ईआरपी प्रशिक्षण ७ व ८ ऑगस्ट, अकाउंट्स. टेस्ट सर्टिफिकेटची रोजची तपासणी, क्वालिटी. दर गुरुवारी दुपारी ४ वाजता अर्धा तास, प्लँट मॅनेजर. गाडी नंबर कळवणे, सिक्युरिटी (कलम ६ व दुरुस्ती).

रिव्ह्यू: १४ ऑगस्ट गुरुवार, ३ सप्टेंबर बुधवार, १२ सप्टेंबर शुक्रवार, २६ सप्टेंबर शुक्रवार. समारोप ३० सप्टेंबर मंगळवार. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी डिस्पॅच रजिस्टरवरून आकडा एचआर काढून देईल.

याखाली एकच वाक्य: ‘हा गोषवारा सोयीसाठी आहे. मूळ दस्तऐवज आणि यात फरक आढळल्यास मूळ ग्राह्य.’ आणि प्रत क्रमांक, तारीख.

गाळायचं काय, तर मागचा इतिहास. पहिली तीन पानं बहुधा त्यानंच भरलेली असतात, कुणी कधी तक्रार केली, कुणाला काय बोलला. ते मूळ फाइलीत आहे, तिथं राहू द्या. वैयक्तिक माहिती तर पानावर येताच कामा नये. आमच्या कागदात त्या माणसाच्या घरच्या आजारपणाचा उल्लेख होता. प्लँट मॅनेजरच्या टेबलावरचा कागद कोण कोण वाचतं हे तुम्हाला सांगायला नको. परिणामांचं वाक्य, म्हणजे सुधारणा न झाल्यास काय, ते मात्र गाळू नका आणि स्वतःच्या शब्दांत सांगूही नका. मूळ वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवा, खाली मराठी अर्थ द्या आणि तो हेड ऑफिसकडून बघून घ्या. गोषवारा सौम्य करताना किंवा कडक करताना माणसाची लेखणी नेमकी याच वाक्यावर घसरते.

तुमच्यावर शेकेल का, याचं उत्तर त्या कलमांच्या नंबरांत आहे. प्रत्येक ओळीला मूळातला पत्ता असेल आणि जिथं पत्ता नाही तिथं ‘विचारणा केली’ असं तारखेसह लिहिलेलं असेल, तर तुमचं असं त्यात काही उरतच नाही. शेवटी उलटी तपासणी करा. गोषवारा हातात धरून मूळ कागद पहिल्या पानापासून वाचा आणि प्रत्येक तारीख, आकडा, ‘दिले जाईल’ पानावर आलंय का ते बघत खूण करा. खूण न झालेलं काही राहिलं तर ते मुद्दाम गाळलंय की निसटलंय हे स्वतःला विचारा. त्यानंतर साहेबांच्या हातात पान द्या आणि एकच विचारा, “या आठवड्यात तुम्हाला काय काय करायचंय?” त्यांनी डिस्पॅच ऑफिसरनं काय करायचं ते सांगायला सुरुवात केली, तर मदतीचा भाग वर घ्या आणि त्यांचं नाव ठळक करा.

एक शेवटचं, रजेबद्दल. मध्येच तो माणूस आठवडाभर आजारी पडला तर मुदत आपोआप पुढं जात नाही, पीआयपीत तसं लिहिलेलं असेल तरच जाते. लिहिलेलं नसेल तर हेड ऑफिसकडून पत्र घ्या आणि ‘प्रत २’ काढा. प्रत २ देताना साहेबांच्या ड्रॉवरमधली प्रत १ परत घ्यायला विसरू नका. रिव्ह्यूला दोघांच्या हातात दोन वेगवेगळ्या तारखांचे कागद निघाले, तर त्या मीटिंगमध्ये कामाबद्दल काहीच बोलणं होत नाही.